पैलवानी कान

कुस्तीत कानावर मार बसून किंवा कान जोरात घासून आतल्या कूर्चेभोवती रक्त साकळते. ते वेळीच काढले नाही, तर कान कायमचा जाड, टणक आणि सुरकुतलेला होतो. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत त्याला त्या भाजीचे नाव पडले. बोलीतले 'कान फुटणे' म्हणजे कानातून पू वाहणे. तो विकार वेगळा. रोममध्ये 1885 साली सापडलेल्या बसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या प्राचीन कांस्यपुतळ्याचेही कान असेच सुजलेले घडवले आहेत.

बाह्यकानाचा सांगाडा लवचिक कूर्चेचा असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटलेल्या पातळ आवरणात त्या असतात आणि तिथूनच पोषण कूर्चेत झिरपते. कानाच्या पुढच्या बाजूला कातडीखाली चरबी जवळजवळ नसल्याने कातडी आणि आवरण एकमेकांना घट्ट धरून असतात. मानेवर हात टाकून डोके खेचले जाते किंवा डोक्याला डोके लावून रेटारेटी होते, तेव्हा कातडी एका दिशेला सरकते आणि कूर्चा जागीच राहते. आवरण सोलून निघते, त्यातल्या बारीक वाहिन्या तुटतात आणि रक्त त्या फटीत भरते. कानाच्या खालच्या पाळीत कूर्चाच नसते, त्यामुळे ती सहसा यातून सुटते.

म्हणजे हे रक्त कूर्चा आणि तिचे अन्न यांच्यामध्ये येऊन बसते. पोषण तुटलेली कूर्चा मरू लागते. उचललेल्या आवरणातल्या पेशी मात्र जिवंत असतात. त्या साकळलेल्या रक्तात नवी, वेडीवाकडी कूर्चा आणि तंतू तयार करतात. 'सूज आपोआप बसेल' हा भरवसा म्हणूनच घातक आहे. सूज कमी झाली तरी आतली गाठ घट्ट होत असते.

समजा, संध्याकाळच्या जोडीत एका पैलवानाचा कान चेपला गेला आणि तासाभरात वरच्या भागात द्राक्षाएवढा फुगवटा आला. बोटाने दाबले तर तो मऊ, पाणी भरल्यासारखा लागतो आणि कानाच्या कडेआतली पन्हळ बुजलेली दिसते. ही खरी खूण आहे. नुसत्या मुक्या मारात कान लाल-निळा होतो, पण त्याच्या घड्या शाबूत राहतात. लढत तिथेच थांबवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे धरावा आणि शक्य तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे. पहिले 48 तास सर्वांत मोलाचे. साधारण आठवड्यानंतर रक्त इतके घट्ट होते की सुईने निघत नाही. मग शस्त्रक्रियेने आतला थर खरवडावा लागतो.

डॉक्टर कान जंतुनाशकाने पुसून तो बधिर करतात. गाठ लहान आणि ताजी असेल तर जाड सुईने रक्त ओढतात. मोठी असेल किंवा रक्त साकळले असेल तर कानाच्या घडीत लपेल असा छोटा छेद घेऊन गुठळ्या काढतात आणि पोकळी सलाइनने धुतात.

खरी चूक बहुधा यानंतर होते. रक्त निघाले तरी फट उघडीच असते आणि काही तासांत ती पुन्हा भरते. नुसती सुई टोचून, वर पट्टी चिकटवून घरी पाठवलेला कान म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगलेला दिसतो. आवरण कूर्चेला परत चिकटेपर्यंत दाब लागतो. त्यासाठी दंतवैद्य वापरतात तसे कापसाचे रोल कानाच्या पुढे-मागे ठेवून आरपार टाक्यांनी बांधतात. हा दाब साधारण 7 दिवस ठेवतात आणि 24 तासांत कान पुन्हा तपासतात. दाब फार आवळला तर कातडीचाच रक्तपुरवठा तुटतो. वाढता ठणका हा त्याचा इशारा.

तालमीत सोबत्याकडून सुई टोचून घेण्याची पद्धत बंदच व्हायला हवी. हौद्याची माती हळद, ताक, तेल घालून कितीही निगुतीने राखली, तरी ती निर्जंतुक नसते. जंतू कूर्चेपर्यंत गेले तर कान गरम, लालभडक होतो, स्पर्शही सोसत नाही आणि ताप येऊ शकतो. पाळी मात्र बहुधा साधीच दिसते. या संसर्गात कूर्चा काही दिवसांत विरघळू शकते, म्हणून त्याच दिवशी प्रतिजैविके सुरू व्हावी लागतात. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही डॉक्टरांना सांगावे.

दाब काढल्यानंतर डॉक्टर सांगतील तोवर जोड धरू नये. नुकतेच चिकटलेले आवरण थोड्या घर्षणानेही पुन्हा सुटते. नंतर सरावात कान झाकणारे शिरस्त्राण पट्टा नीट आवळून वापरावे. सैल शिरस्त्राण स्वतःच कानावर घासते.

टणक झालेला कान सुईने पूर्ववत होत नाही. वाढलेली कूर्चा तासून आकार सुधारता येतो, पण तोही पूर्ण नव्हे. कुस्ती चालू असेपर्यंत ही शस्त्रक्रिया सहसा टाळतात. कानाच्या भोकाचे तोंड आक्रसून ऐकू कमी येत असेल, तर मात्र उपचार लांबवू नयेत.