किटोन झाकून एस्टरवर नेम

इथाइल अॅसिटोअॅसिटेट हा साधा, पाण्यासारखा दिसणारा द्रव आहे. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली हमखास सापडते. त्याच्या एकाच रेणूत दोन कार्बोनिल, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध असतात. एका टोकाला किटोन आणि दुसऱ्या टोकाला एस्टर. आपल्याला हवं आहे ४-हायड्रॉक्सी-२-ब्युटेनोन. म्हणजे एस्टरचं रूपांतर अल्कोहोलमध्ये करायचं आणि किटोनला धक्का लावायचा नाही. कागदावर हे एका बाणाचं काम वाटतं, पण फ्लास्कमध्ये ते तसं होत नाही.

एस्टर मोडायला लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडसारखा जोरकस रिएजंट लागतो. हायड्राइड, म्हणजे ऋणभार असलेला हायड्रोजन, धावतो तो धनभार असलेल्या कार्बनकडे. एस्टरच्या कार्बनला शेजारचा दुसरा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन थोडे उसने देतो, त्यामुळे त्याचा धनभार सौम्य होतो. किटोनच्या कार्बनला असा आधार नसतो. म्हणून पहिला घाव किटोनवरच पडतो, आणि मग एस्टरही वाचत नाही. हाती येतो १,३-ब्युटेनडायॉल, दोन्हीकडे अल्कोहोल असलेला. सौम्य सोडियम बोरोहायड्राइड वापरला तर उलटच होतं. तो किटोन संपवतो आणि एस्टर जवळपास तसाच ठेवतो. जो गट जास्त चपळ आहे तोच वाचवायचा असेल, तर रिएजंट बदलून भागत नाही. तो गट काही काळ झाकावा लागतो.

शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगला रंग देताना मशिनिंग केलेल्या भागावर आणि आट्यांच्या भोकांवर टेप लावतात, रंग वाळला की ती काढतात. टेपकडून अपेक्षा दोनच: रंगकामात ती टिकावी आणि काढताना खालचा भाग खराब होऊ नये. रसायनातल्या संरक्षक गटाकडूनही याच दोन अपेक्षा असतात. माझ्या मते त्यातली दुसरी जास्त अवघड.

किटोनसाठी सर्वांत विश्वासू झाकण म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. याच्या एका रेणूत दोन अल्कोहोल गट असतात. आम्लाच्या साथीनं ते दोन्ही किटोनच्या त्याच कार्बनला जोडले जातात, पाच अणूंचं कडं तयार होतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. या कड्याला किटाल म्हणतात. मिथेनॉल वापरलं तर त्याचे दोन रेणू किटोनला जोडावे लागतात. तीन रेणू आत जातात, दोन बाहेर येतात, आणि अशी गर्दी कमी होणं निसर्गाला फारसं परवडत नाही. ग्लायकॉलच्या बाबतीत दोन आत, दोन बाहेर. म्हणून कडं सहज जमतं. किटालमधल्या त्या कार्बनला आता चार एकेरी बंध आहेत. हायड्राइडला तिथं शिरायला वाव उरत नाही.

पण ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. पाणी फ्लास्कमध्येच राहिलं तर कडं पुन्हा उघडतं. म्हणून टोल्यूइनमध्ये उकळवताना वर डीन-स्टार्क नळी लावतात. टोल्यूइनची वाफ पाण्याला सोबत घेऊन वर जाते, थंड होऊन नळीत उतरते. पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि टोल्यूइन वरून फ्लास्कमध्ये परत येतं. १३ ग्रॅम एस्टर घेतला, म्हणजे एक दशांश मोल, तर सुमारे १.८ मिली पाणी यायला हवं. आम्ल म्हणून पॅरा-टोल्यूइनसल्फोनिक आम्लाची चिमूट पुरते.

"सर, दीड मिली आलंय की. मँटल बंद करू?" विद्यार्थी घाईनं विचारतात.

"थांब. वरचं टोल्यूइन अजून गढूळ दिसतंय. ते स्वच्छ झालं आणि पाण्याची रेघ जागची हलेना, की मग बघू."

पाण्याची रेघ थांबली तरी मी इन्फ्रारेड वर्णपट घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीला प्रति सेंटिमीटर १७४० च्या आसपास एस्टरचं आणि १७१५ च्या आसपास किटोनचं शिखर दिसतं. किटाल झाल्यावर १७१५ चं नाहीसं व्हायला हवं आणि १७४० चं राहायला हवं. फार वेळ उकळवलं तर ग्लायकॉल एस्टरच्या इथॉक्सी गटाची जागाही घेऊ लागतो. या उदाहरणात त्यानं फार नुकसान होत नाही, कारण तोही एस्टर पुढे मोडून तेच अल्कोहोल देतो.

पुढची पायरी हायड्राइडची. इथं कोल्हापूरचा पावसाळा आडवा येतो. पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांत हवाच ओली असते, आणि हायड्राइड पाण्याशी भडकून हायड्रोजन सोडतो. टीएचएफ हा द्रावक सोडियम आणि बेंझोफिनोनवर उकळवून कोरडा करतात. गडद निळा रंग आला की तो कोरडा समजायचा. बर्फात थंड केलेल्या हायड्राइडमध्ये किटाल-एस्टर थेंबाथेंबानं घालतात. काम झाल्यावर उरलेला हायड्राइड नष्ट करायचा. एक ग्रॅमला एक मिली पाणी, मग एक मिली १५ टक्के कॉस्टिक सोडा, मग तीन मिली पाणी, हे सगळं सावकाश आणि बर्फातच. पांढरा, दाणेदार गाळ बसतो आणि गाळणं सोपं होतं. इथं आम्ल टाकायचं नाही. किटाल आम्लानंच उघडतं आणि अल्कधर्मी पाण्यात निर्धास्त राहतं, म्हणून या पायरीत ते टिकतं. आता वर्णपटात कार्बोनिलचं शिखर नसतं, ३४०० च्या आसपास अल्कोहोलचा रुंद पट्टा येतो.

शेवटी झाकण काढायचं. इथंच कष्टावर पाणी पडू शकतं. आपल्या उत्पादनात अल्कोहोल किटोनपासून दोन कार्बन अंतरावर आहे. तीव्र आम्ल आणि उष्णता मिळाली की ते पाणी गमावतं आणि मिथाइल विनाइल किटोन तयार होतं. हे विषारी असतं, डोळ्यांतून पाणी काढतं. वर्णपटात १६८० च्या आसपास नवं शिखर उगवलं तर समजायचं की आम्ल जास्त झालं. म्हणून भरपूर अॅसिटोन, थोडं पाणी आणि सल्फोनिक आम्लाची चिमूट, तेही खोलीच्या तापमानाला. अॅसिटोन स्वतः किटोन आहे आणि संख्येनं प्रचंड आहे, त्यामुळे ग्लायकॉल त्याच्याकडे जाऊन बसतो. आम्ल निष्प्रभ केल्याशिवाय मात्र द्रावक उडवायचा नाही.

अल्कोहोलची अडचण वेगळी आहे. ३-ब्रोमोप्रोपेनॉलपासून ग्रिन्यार रिएजंट, म्हणजे कार्बनला मॅग्नेशियम जोडलेला रेणू, करायला गेलं, तर तयार होणारा कार्बन-मॅग्नेशियम बंध अल्कोहोलच्या हायड्रोजनलाच ओढून घेतो आणि स्वतः संपतो. पाण्यानं धुतल्यावर साधं प्रोपेनॉल मिळतं. तो हायड्रोजन काढून त्या जागी सिलिकॉनचा गट बसवला की ही भीती जाते. लहान ट्रायमिथाइलसिलिल गट फार नाजूक, पाण्यानं धुतानाच सुटायला लागतो. १९७२ मध्ये कोरी आणि वेंकटेश्वरलू यांनी टर्ट-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल गट इमिडाझोल वापरून बसवायची रीत दिली. सिलिकॉनभोवतीच्या गर्दीमुळे पाण्याला तो तोडायला सुमारे दहा हजारपट जड जातं. काढायला फ्लोराइड लागतो, कारण सिलिकॉन-फ्लोरिन बंध सिलिकॉन-ऑक्सिजन बंधापेक्षाही बळकट असतो.

एकाच रेणूत किटाल आणि सिलिल दोन्ही असतील तर क्रम पाहावा लागतो. फ्लोराइडनं सिलिल सुटतो, किटाल जागेवर राहतं. उलट क्रम लावला तर आम्ल किटाल उघडता उघडता सिलिललाही हात घालतं. आणि प्रत्येक झाकणाला दोन पायऱ्यांचा खर्च असतोच. बसवणं, हायड्राइड, काढणं या तिन्ही पायऱ्यांत समजा ९० टक्के उत्पादन मिळालं, तरी शेवटी ७३ टक्केच उरतं. म्हणून विद्यार्थ्यानं झाकण लावायची योजना आणली की मी आधी विचारतो: तुला नक्की किटोनच वाचवायचा आहे ना? वाचवायचा एस्टर असेल तर बोरोहायड्राइडची एक पायरी पुरते आणि ग्लायकॉलची बाटली उघडायचं कारणच नाही.