गादी सोलली की बेस कुठे जातो

कॉलरवर काळे, खवल्यांसारखे तुकडे दिसायला लागले की समजावं, हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन सुटलं. बहुतेकांना तोवर आवाजातला बदल जाणवलेला नसतो. बेस एका दिवसात जात नाही, म्हणून कानही त्याला हळूहळू सरावतात.

ही गादी आली ती मुळात आरामासाठी. 1958 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बनवला, त्यात प्लास्टिकच्या वाट्यांत तीन इंची स्पीकर आणि कानाला लागू नये म्हणून फोम होता. पण कानाभोवती हवा जितकी घट्ट कोंडली जाईल तितका खालचा सूर भरतो, हे पुढे गादीच्या घडणीतच उतरलं. वैमानिकांच्या हेडसेटमध्ये तर द्रव भरलेल्या गाद्या वापरल्या जात, कारण त्या जबड्याच्या उंचसखल हाडावरही फट सोडत नाहीत. याच्या नेमका उलटा रस्ता 1968 मध्ये सेनहायझर कंपनीच्या एचडी 414 ने धरला: पाठीमागून उघडा हेडफोन आणि कानावर टेकणारा साधा स्पंज. तिथे हवा कोंडायचीच नव्हती. म्हणून पुढचं सगळं बंद वाटीच्या, पूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनबद्दल आहे.

हवा कोंडणं इतकं महत्त्वाचं का? पिचकारीचं तोंड बोटानं बंद करून दांडा थोडा दाबला तरी आत जोर जाणवतो. बोट काढलं की तोच दांडा पोकळ चालतो. हेडफोनचा पडदा जेमतेम 40 मिमीचा, आणि तो हलतोही अगदी थोडा. बेस देतो तो कानाभोवतीच्या कोंडलेल्या हवेवर दाब टाकून. खालचे सूर संथ असल्यामुळे हवेला फटीतून निसटायला वेळ मिळतो, वरच्या सुरांना तो मिळत नाही. म्हणून फट पडली की फक्त बेस जातो, आणि झांजा, श, स उगाच टोकदार वाटतात.

खात्री करायला दोन्ही वाट्या तळहातांनी हलक्या दाबा. बेस परत आला तर दोष गादीचा. एकाच बाजूला आला नाही, तर त्या बाजूचा ड्रायव्हर, म्हणजे वाटीतला छोटा स्पीकर, किंवा वायर बघा.

सोलण्याचं कारण रेक्झिनच्या थरात आहे. विणलेल्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो, आणि त्यातल्या स्वस्त जातीचे बंध पाण्याच्या संपर्कात तुटत जातात. घाम, उष्णता आणि दमट हवा मिळाली की ते लवकर होतं. त्यामुळे मुंबई किंवा कोकणात कपाटात न वापरता ठेवलेली गादीही पावसाळ्यानंतर चिकट होते. ‘प्रोटीन लेदर’ नाव भारदस्त असलं तरी तोही बहुधा पॉलियुरेथेनचाच लेप, म्हणून त्याची गतही तीच. खरं चामडं असं सोलत नाही, पण घामानं कडक होतं.

माझ्या एका जुन्या हेडफोनची गादी बदलताना मी साधी चूक केली. वाटी लंबगोल होती आणि जुनी गादी बाहेरून 100 × 84 मिमी भरली, म्हणून तेच माप मागवलं. पण जुनी गादी वर्षानुवर्षं दबून पसरलेली होती. नवीन गादीची मागची झालर, म्हणजे वाटीच्या कडेच्या खाचेत अडकवायची पट्टी, सैल बसली. जबड्यामागे फट राहिली, बेस होता तिथेच. मग गादी जिच्यावर बसते ती वाटीची प्लेट मोजली: 94 × 78. झालर ताणून बसते, त्यामुळे प्लेटपेक्षा दोन-चार मिमी लहान गादी हवी होती. बसवताना एक कड खाचेत घालून बोटानं गोल फिरवत नेली की ती बसते. ओढून घातली तर शिवण उसवते.

लंबगोल मापाची गादी मिळत नसेल तर दोऱ्यानं प्लेटचा घेर मोजावा. माझा 271 मिमी आला, म्हणजे 86 मिमी व्यासाच्या वर्तुळाइतका. गोल गादी ताणून बसते, पण आतलं भोक आखडून कानाच्या पाळीला लागतं. काही हेडफोनमध्ये झालर नसते, प्लास्टिकचं कडं खटके मारून बसतं. तिथे त्याच मॉडेलची गादी लागते.

उंची हा शेवटचा प्रश्न, आणि तो मापात न बघता कानानं बघावा. दबलेल्या गादीत ड्रायव्हर कानाला जवळजवळ टेकतो. त्यावर फार जाड गादी बसवली की तो दूर जातो आणि गाणारा आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो. मूळ गादीइतकीच उंची बरी. मखमली गादी उन्हाळ्यात सुखाची, पण कापडातून हवा झिरपते. जिथे मूळ गादी रेक्झिनची होती तिथे ती लावली तर बेस पुन्हा थोडा उतरतो. जुनी गादी काढताना आतली जाळी किंवा फोमची चकती मात्र फेकू नका, तिच्यामुळे वरचे सूर आटोक्यात राहतात. भुगा झाली असेल तर तेवढ्याच जाडीची पातळ चकती कापून बसवा.