बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली तर: ‘लॅक्टोज’ आणि ‘दुधाची ॲलर्जी’ यात नेमका फरक काय

नमस्कार ताई, आमच्या मालीशवाल्या बाया रोज सकाळी परळ, लालबाग, दादर, माहीम, गिरगावातल्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची मालीश-आंघोळ करतात हे तुम्हाला माहीतच आहे. हे काम सुरू करायच्या आधी मी स्वतः बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते. बाळाचा लंगोट रोज नीट बघणारी पहिली व्यक्ती बऱ्याचदा आमचीच बाई असते, आणि वर्षातून काही वेळा तरी एखादी बाई तिथूनच मला फोन करते की ताई, शीला लाल रेघ आहे, आई रडतेय, काय सांगू. म्हणून हे पत्रक लिहिलंय, शांतपणे वाचा आणि आजीलाही वाचून दाखवा, कारण घरातले निम्मे निर्णय आजीच घेते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढूया. दूध बाळाला सोसत नाही म्हटलं की शेजारची कोणीतरी पटकन म्हणते ‘अगं त्याला लॅक्टोज पचत नसेल’. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. आणि ही साखर सगळ्यात जास्त कुठे असते माहीत आहे? आईच्या दुधात! १०० मिलीत साधारण ७ ग्रॅम, गाईच्या दुधात त्याहून कमी, पाचच्या आसपास. ती पचवायचं एन्झाइम, लॅक्टेज, बाळ जन्मतः घेऊनच येतं. जन्मापासूनच लॅक्टेज नसलेलं बाळ जगातच फार दुर्मिळ आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर गॅस होतो, गुडगुड होतं, ते एन्झाइम वय वाढल्यावर कमी होतं म्हणून, दीड महिन्याच्या बाळाचा त्याच्याशी संबंध नाही. हां, एक अपवाद आहे, बाळाला जोरदार जुलाब झाले तर आतड्याचं वरचं अस्तर खरचटतं आणि काही दिवस ते एन्झाइम कमी पडतं, तेव्हा शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबट वासाची होते आणि कुल्ले लालबुंद होतात, पण अस्तर भरून आलं की ते आपोआप जातं.

आता मुद्द्याचं. साखर पचली नाही तर ती आतड्यात आंबते, गॅस होतो, पाणी सुटतं, पण त्याने रक्त येत नाही. साखरेवर शरीर चवताळत नाही. प्रोटीनवर चवताळतं. गाईच्या दुधात केसीन आणि व्हे अशी दोन प्रकारची प्रोटीनं असतात, त्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं एक तर आईचं शरीर बनवतच नाही, ते बाळासाठी पूर्ण परकं. काही बाळांची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि आतड्यात सैन्य पाठवते, त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त असतात. हीच गाईच्या दुधाची ॲलर्जी.

शेवटच्या भागात, म्हणजे गुदद्वाराच्या वरच्या आतड्यात ही सूज आली की तिथलं अस्तर नाजूक होतं, शी सरकताना बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, म्हणून रक्त शीमध्ये धाग्यासारखं, बऱ्याचदा शेंबडासारख्या चिकट पदार्थासोबत दिसतं. सूज वरच्या भागात असली तर पोट रिकामं व्हायला उशीर लागतो आणि दूध पुन्हा वर येतं, उलट्या होतात. आणि सुजलेल्या आतड्यातून साधा गॅस सरकला तरी बाळाला दुखतं, म्हणून ते पाय पोटाशी घेऊन किरकिर करतं, दूध ओढताना मध्येच सोडून देतं. आई म्हणते भूक लागलीय पण पीत नाही. म्हणजे उलटी, रक्त आणि रडणं या तीन वेगवेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच सुजेची तीन तोंडं आहेत.

आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही हे होतं बरं का! आई चहा, दही, पनीर खाते त्यातलं थोडं प्रोटीन तिच्या दुधात उतरतं. अगदी कणभर, पण या बाळांना तेवढं पुरतं. म्हणून आईचं दूध वाईट आहे असा अर्थ अजिबात काढू नका, दूध चांगलंच आहे, फक्त आईच्या ताटातून एक गोष्ट काही काळ बाजूला करायची आहे.

लालबागच्या एका घरातली गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय. बाळ सहा आठवड्यांचं, फक्त अंगावर पिणारं, वजन छान वाढत होतं. आमच्या बाईला लंगोटात दोन लाल धागे दिसले. बाळाला ताप नाही, चेहरा टवटवीत, पण संध्याकाळी दोन-दोन तास रडायचं. कोणीतरी शीची तपासणी करून घेतली, रिपोर्टात साखर निघाली, मग निष्कर्ष निघाला की लॅक्टोज पचत नाही, आणि दिवसातून तीन वेळा लॅक्टोज-फ्री डबा सुरू झाला. आता इथेच घोळ झाला. अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळाच्या शीतही साखर निघते, कारण आईच्या दुधात ती इतकी असते की थोडी न पचता खाली जातेच, त्यामुळे या वयात त्या एका रिपोर्टवरून काही ठरत नाही. आणि लॅक्टोज-फ्री डब्यातून फक्त साखर काढलेली असते, गाईच्या दुधाचं प्रोटीन तसंच्या तसं असतं. म्हणजे आधी आईच्या दुधातून कणभर जात होतं ते आता थेट बाटलीतून जायला लागलं. चौथ्या दिवशी प्रत्येक लंगोटात रक्त आणि दूध पाजलं की उलटी.

मग बालरोगतज्ज्ञांनी बघितलं. गुदद्वाराला चीर नाही ना, जंतुसंसर्ग नाही ना, वजन उतरलं नाही ना ते तपासलं, डबा बंद केला आणि आईला दूध पूर्ण बंद करायला सांगितलं. घरात एकच गोंधळ. बाळंतिणीला दूध नाही तर खायचं काय? खसखशीची खीर गेली, शतावरी कल्प दुधातून घ्यायचा तो गेला, तूपही गेलं, कारण तुपातही प्रोटीनचा अंश राहतो. पण आपल्याकडे पर्याय आहेत की. अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि गुळाचे करायचे, खीर करायचीच तर नारळाच्या दुधात. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, भाजी-वरणाला तुपाऐवजी तेलाची फोडणी. शिवाय डॉक्टरांनी आईला कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या दिल्या, त्या टाळायच्या नाहीत.

आठ दिवस झाले, रक्त कमी झालं पण थांबेना. सासूबाई म्हणाल्या बघा, दुधाचा काही संबंध नव्हता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून एकेक डबा बघितला, तर आई रोज रात्री पाण्यातून एक पौष्टिक पावडर घेत होती आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ‘मिल्क सॉलिड्स’! दूध सोडलं होतं पण दुधाची पावडर चालूच होती. ती बंद केल्यावर चार दिवसांत रक्त गेलं. रडणं मात्र लगेच नाही गेलं, त्याला अजून दोन आठवडे लागले, सूज हळूहळूच उतरते, धीर धरावा लागतो. तेव्हा बिस्किट, ब्रेड, टोस्ट, सूपचं पाकीट, प्रोटीन पावडर, सगळ्याच्या मागचं वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, यातलं काहीही दिसलं तर ते दूधच.

पुढची पायरी लोकांना नकोशी वाटते पण तीच खरी परीक्षा आहे. बाळ बरं झालं, साधारण दोन ते चार आठवडे गेले की डॉक्टर आईला पुन्हा दूध घ्यायला सांगतात. आमच्या या आईने दुधाचा चहा आणि वाटीभर दही सुरू केलं, तिसऱ्या दिवशी धागा पुन्हा दिसला. आता खात्री झाली, पुन्हा बंद. आणि धागा दिसला नसता तर? तर ती ॲलर्जी नव्हतीच, बाळंतिणीने उगाच महिनोन्‌महिने कोरडं खायची गरज नव्हती. या प्रकारच्या ॲलर्जीत रक्ताची तपासणी किंवा त्वचेवरची टोचणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, त्यामुळे बंद करून बघणं आणि पुन्हा देऊन बघणं हीच तपासणी. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या बाळाला दूध पाजल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, किंवा एक ते चार तासांत उलट्यांवर उलट्या होऊन बाळ पांढरंफटक आणि ढिलं पडलं, त्याला घरी परत दूध देऊन बघायचं नाही, ते हॉस्पिटलमध्येच.

म्हशीचं दूध, बकरीचं दूध हा उपाय नाही. तबेल्यातलं ताजं दूध पाणी घालून देऊ का असं खूप जण विचारतात, पण या प्राण्यांची प्रोटीनं इतकी सारखी असतात की बाळाचं शरीर फसत नाही, आणि एक वर्षाच्या आत असं वरचं दूध एरवीही नकोच. अंगावर दूध पुरत नसेल तर डॉक्टर असा डबा लिहून देतात ज्यात प्रोटीनचे खूप बारीक तुकडे केलेले असतात. तो महाग असतो, चव कडवट, बाळ आधी तोंड फिरवतं. सोयाचा डबा मनाने आणू नका, काही बाळांना सोयाही सोसत नाही. आम्ही कुठल्याच डब्याचं नाव सांगत नाही, विचारूही नका, १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला बंदी आहे आणि ती बंदी मला मनापासून पटते.

कधी थांबायचं नाही तेही सांगते. हिरवी उलटी, पोट टम्म फुगलेलं, ताप, बाळ सुस्त, किंवा धाग्याऐवजी लाल जेलीसारखी शी आणि मधेमधे कळवळून रडणं, म्हणजे आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं, तेव्हा मालीशवाली, आजी, मी, कोणालाच फोन करू नका, रात्रीचे दोन असले तरी टॅक्सी पकडून थेट हॉस्पिटल गाठा.

लालबागचं ते बाळ आता वर्षाचं होऊन गेलं. डॉक्टरांनी आधी दूध घातलेलं बिस्किट द्यायला सांगितलं, मग हळूहळू दही, काहीच झालं नाही. फक्त रक्ताचे धागे येणारी बहुतेक बाळं वर्षभरात यातून बाहेर पडतात, बाकी दुधाच्या ॲलर्जीला दोन-तीन वर्षंही लागू शकतात.

तुमच्या बाळाला असं काही दिसलं तर लंगोट धुवायच्या आधी उजेडात मोबाईलवर फोटो काढा, आईने दोन दिवसांत काय काय खाल्लं ते वहीत लिहा, आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या बाईला सांगितलंत तर फोटो तीही काढून देईल.