माया लोक खरंच एका रात्रीत गायब झाले?

"माया संस्कृतीचे लोक आपली शहरं सोडून एका रात्रीत गायब झाले, कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही."

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांबद्दल असं बऱ्याचदा ऐकू येतं. हे पडताळायचं साधन मायांनीच ठेवलंय. त्यांचे राजे दगडी स्तंभांवर तारखा कोरत. एखाद्या शहरातली शेवटची तारीख बघितली की तिथली राजसत्ता साधारण कधी थांबली ते कळतं. ग्वाटेमालातलं दोस पिलास इ.स. 761 च्या सुमारास पडलं, तिकालचा शेवटचा स्तंभ 869 चा, तर मेक्सिकोतल्या तोनिनाचा 909 चा. म्हणजे ही 'एक रात्र' जवळजवळ दीडशे वर्षांची!

मग कारण काय? तळ्यांच्या गाळात नवव्या-दहाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळांच्या खुणा सापडतात, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. पण दोस पिलास त्याआधीच कोसळलं होतं. तिथल्या लोकांनी शेवटी स्वतःच्या राजवाड्याचे दगड उपसून घाईघाईने तटबंदी उभारली. हे लढाईचं लक्षण, तहानेचं नव्हे. शिवाय दक्षिणेपेक्षा कोरड्या असलेल्या मेक्सिकोतल्या उत्तर युकातानमध्ये चिचेन इत्झा हे माया शहर याच काळात भरभराटीला आलं. त्यामुळे युद्धं, दुष्काळ, जमिनीवरचा ताण आणि राजांवरचा उडालेला विश्वास यांचं प्रमाण शहरागणिक वेगळं असावं, असं मला पटतं. वाद आहे तो या प्रमाणाचा.

आणि माणसं? ग्वाटेमालातल्या पेतेन इत्झा तळ्यातल्या बेटावरून चालणारं मायांचं शेवटचं स्वतंत्र राज्य स्पॅनिशांनी जिंकलं ते थेट 1697 मध्ये. आजही लाखो लोक माया भाषा बोलतात.