आधी मलम की आधी मॉइश्चरायझर?

डिसेंबर उजाडला, गुऱ्हाळं सुरू झाली, की कोल्हापुरातल्या घराघरांत लहान मुलांचे कोपराचे आणि गुडघ्यामागचे सांधे लाल होऊन खाजायला लागतात. ज्यांच्या घरात मुलाला इसब म्हणजे एक्झिमा आहे, त्यांच्याकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: डॉक्टरांनी एक औषधी मलम दिलंय आणि एक मॉइश्चरायझर, मग आधी कोणतं लावायचं? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: मॉइश्चरायझर किती लावता?

समजा, मंगळवार पेठेतली एक पाच वर्षांची मुलगी आहे. आई तिला सकाळ-संध्याकाळ न चुकता सगळ्या अंगाला मॉइश्चरायझर चोळते, आणि 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते. म्हणजे दिवसाला एक ग्रॅम, एका वेळेला अर्धा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. आईच्या कष्टांत काही कमी नाही, पण ती महिन्यात जेवढं वापरते तेवढं एका दिवसात संपायला हवं होतं.

इतकं कशाला, हे समजायला कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात शिरावं लागतं. हा मृत पेशींचा शृंगस्तर शरीराच्या बहुतेक भागावर जेमतेम दहा-वीस मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे: चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा थर म्हणजे चुना. पेशींच्या आत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते तुटून त्याचे जे छोटे तुकडे होतात, ते पाणी धरून ठेवतात. 2006 मध्ये असं दिसून आलं की इसब असलेल्या बऱ्याच जणांमध्ये या फिलॅग्रिनच्या जनुकातच दोष असतो. त्यांच्या पेशी पाणी धरत नाहीत, आक्रसतात, मधल्या फटी उघडतात. आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत जाऊन दाह सुरू करतात. थंडीतल्या कोरड्या हवेत हे आणखी वेगानं होतं. म्हणून ‘रक्त खराब झालंय’, ‘उष्णता पडलीय’ म्हणून पाजले जाणारे काढे इथे काही करू शकत नाहीत. बिघाड त्या दहा-वीस मायक्रॉनमध्ये आहे, आणि भरपूर पाणी प्यायल्यानंही तो भरून निघत नाही.

आता हिशोब करू. पाच वर्षांच्या मुलाच्या कातडीचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या थोडं खाली असतं. मलमं लावण्याच्या प्रचलित मापानं आपल्या पेठेतल्या मुलीच्या सबंध अंगाला एका वेळी साधारण नऊ ग्रॅम लागतात. तेवढं सारखं पसरलं तर बारा-तेरा मायक्रॉनचा लेप होतो, म्हणजे जवळजवळ शृंगस्तराइतकाच जाड. अर्ध्या ग्रॅमचा लेप एक मायक्रॉनही भरत नाही. कातडीवर बारीक बारीक चरांची जाळी असते आणि ते चर कित्येक मायक्रॉन खोल असतात. तिथे अर्धा ग्रॅम उंचवट्यांवर फासला जातो आणि अखंड पडदा बनतच नाही. पडदा तुटक असला की पाणी मोकळ्या जागेतून उडत राहतं. आई म्हणते, ‘क्रीम लावलं तरी तासाभरात कोरडं पडतं.’ त्यावरून समजायचं की मात्रा कमी आहे. क्रीम बदलायची घाई नको.

नऊ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे दोन चमचे. दिवसातून दोनदा म्हटलं तर आठवड्याला सव्वाशे ग्रॅम झाले. कोरड्या जागी मधे पुन्हा लावलं, हात धुतल्यावर लावलं, की आकडा अडीचशेवर जातो. म्हणून छोट्या ट्यूबऐवजी मोठा डबा घ्या, आणि त्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्यानं काढून घ्या. रगडू नका. केसांच्या दिशेनं अलगद ओढा आणि वर जरा चकाकी राहू द्या. महागडा डबाच हवा असं नाही. 2022 मध्ये साडेपाचशे मुलांवर झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांचा परिणाम सारखाच निघाला. तेव्हा मूल जे लावू देईल ते चांगलं. ‘सेरामाइडयुक्त’ लिहून चौपट किंमत लावलेल्या बाटलीला भुलू नका. साधी पांढरी पेट्रोलियम जेली स्वस्त आणि वासविरहित असते. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, ऑलिव्हमधलं ओलिक आम्ल हा चुनाच विस्कळीत करतं. आणि लेप मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, शेगडी, निरांजन, फटाके यांपासून मूल दूर ठेवा.

आता क्रमाकडे येऊ. दाह शमवायला स्टेरॉइडचं मलम लागतं. मॉइश्चरायझर एकटं लालसरपणा घालवू शकत नाही. मलमाचं माप पेरावर करतात: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत पिळलेली पट्टी, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढ्यात बोटांसकट दोन पंजांएवढी कातडी झाकली जाते, पंजाही मोठ्या माणसाचाच. आपल्या मुलीच्या दोन्ही कोपरांच्या आणि गुडघ्यांमागच्या लाल चकत्या मिळून दोन पंजे भरतात असं धरलं, तर एका वेळी एक पेर पुरे. डॉक्टरांनी दिवसातून एकदा सांगितलं असेल तर आठवड्याला साडेतीन ग्रॅम.

2016 मध्ये लहान मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात आधी मलम लावा की आधी मॉइश्चरायझर, दोन्हींत फरक आढळला नाही. हे मला पटतं, आणि कारण पुन्हा शृंगस्तरच आहे. 1963 मध्ये दाखवलं गेलं की निरोगी कातडीवर झाकून लावलेलं स्टेरॉइड या थरात साठून राहतं आणि कित्येक दिवसांनी तो भाग पुन्हा झाकला की परत काम करायला लागतं. इसबाच्या फुटलेल्या कातडीत ही साठवण कमी होते, तरी औषध लगेच पुसून जात नाही. बिघडतं ते एकावर एक ताबडतोब थापल्यानं, किंवा तळहातावर दोन्ही कालवल्यानं. मग स्टेरॉइड पातळ होऊन लाल भागावर कमी पडतं आणि निरोगी कातडीवर पसरतं. मी सुचवतो: अंघोळीनंतर टॉवेलनं टिपून सगळीकडे मॉइश्चरायझर, मग वीस-तीस मिनिटांनी फक्त लाल जागी मलम. उलट क्रम सोयीचा असेल तर तोही चालेल, पण मधे तेवढा वेळ जाऊ द्याच. स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमस या दुसऱ्या दाहशामक औषधाचं मलम असेल तर त्याच्या माहितीपत्रकात दोन तासांचं अंतर सांगितलेलं असतं.

काउंटरवरून ‘खाजेची ट्यूब’ मागू नका. त्यातल्या अनेकांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. गजकर्णावर स्टेरॉइड पडलं की खाज दबते, चकती मात्र कडेनं पसरत जाते. भारतात 2018 पासून स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. पिवळी खपली धरली किंवा पाणी सुटलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि ताप येऊन सारख्या आकाराचे फोड किंवा खड्डे पडलेले व्रण वेगानं पसरू लागले तर ती हर्पिसची लागण असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.