लपलेली आकृती आणि तुकड्यांची आकृती: दिसायला सारखी, शोधायची रीत वेगळी

नवोदयच्या सहावी प्रवेशपरीक्षेत मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न असतात. दहा भाग, प्रत्येक भागात चार प्रश्न. त्यातले शेवटचे दोन भाग मुलांच्या डोक्यात हमखास एकमेकांत मिसळतात. नवव्या भागात काही सुटे तुकडे दिलेले असतात आणि ते जोडून कोणती आकृती होईल ते विचारतात. दहाव्या भागात एक साधी प्रश्नाकृती असते आणि ती चार गुंतागुंतीच्या उत्तराकृतींपैकी नेमकी कुठे लपली आहे ते शोधायचे असते. साताऱ्याचे नवोदय खावलीला, सांगलीचे पलूसला; फॉर्म कुठलाही भरा, पेपरात हे दोन भाग लागोपाठच येतात. नवव्या भागात मूल चार प्रश्नभर तुकडे मनात फिरवत बसते आणि पान उलटल्यावर तीच सवय दहाव्या भागात घेऊन जाते. चुका तिथेच सुरू होतात.

दोन्हींचे नियम एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत. तुकडे जोडताना तुकडा फिरवता येतो, सरकवता येतो. मात्र प्रत्येक तुकडा एकदा आणि पूर्ण वापरला गेला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये आणि एकावर एक तुकडा चढता कामा नये. म्हणून तिथे पहिली कसोटी क्षेत्रफळाची: सगळ्या तुकड्यांची मिळून जेवढी जागा, तेवढीच उत्तराकृतीची. लपलेल्या आकृतीत क्षेत्रफळाचा काहीच उपयोग नाही, कारण उत्तराकृती मोठीच असते. तिथे आकृती आहे त्याच आकाराची, त्याच मापाची आणि त्याच दिशेने ठेवलेली शोधायची. तिच्या पोटातून इतर रेषा गेल्या तरी चालतात, तिच्या कडा पुढे लांबल्या तरी चालतात. फक्त तिची स्वतःची प्रत्येक कड टोकापासून टोकापर्यंत अखंड छापलेली असली पाहिजे. काही स्पर्धा परीक्षांत ‘आकृती फिरवण्यास परवानगी नाही’ असे प्रश्नातच छापतात. तसे छापलेले नसले, तरी आधी न फिरवता शोधायचे.

आता एक उदाहरण वहीवर काढूनच पाहू. चौकटीच्या वहीत ४ चौकटी रुंद आणि ४ चौकटी उंच चौरस काढा. वरचा डावा कोपरा अ, वरचा उजवा ब, खालचा उजवा क, खालचा डावा ड. बाजूंचे मध्यबिंदू: वरचा प, उजवीकडचा र, खालचा त, डावीकडचा स. बरोबर मधला बिंदू म. चारही उत्तराकृतींचा सांगाडा हाच आहे.

प्रश्नाकृती आहे उजवीकडे कललेला समांतरभुज चौकोन. त्याची खालची कड आडवी, २ चौकटींची. वरची कडही आडवी, २ चौकटींची. बाकीच्या दोन कडा तिरप्या. डावीकडून उजवीकडे जाताना वर चढणाऱ्या, २ चौकटी उजवीकडे आणि २ चौकटी वर जाणाऱ्या. या दिशेला ‘चढती’ म्हणू आणि उलट दिशेच्या तिरप्या रेषेला ‘उतरती’. आकृती अशी शब्दांत मांडता आली की अर्धे काम झाले. ‘तिरका डबा’ एवढेच मनात ठेवून शोधणाऱ्या मुलाला चारही पर्यायांत तिरका डबा दिसतो.

चारही उत्तराकृतींत बाहेरचा चौरस आहे. आतल्या रेषा अशा:

पहिल्या आकृतीत प-त ही उभी रेषा, ड-ब हा कर्ण आणि स-प ही तिरपी.
दुसऱ्या आकृतीत स-र ही आडवी रेषा, अ-क हा कर्ण, शिवाय प-र आणि स-त या दोन तिरप्या.
तिसऱ्या आकृतीत स-र ही आडवी, दोन्ही कर्ण, आणि स पासून प च्या दिशेने निघून अ-क कर्णाला टेकताच थांबणारी एक तिरपी.
चौथ्या आकृतीत स-र, प-त, दोन्ही कर्ण आणि पूर्ण स-प.

शोध सुरू करण्याआधी प्रश्नाकृतीचा एक कोपरा खूण म्हणून निवडायचा. निवड अशी करावी की तसा कोपरा गुंतागुंतीच्या चित्रात कमी वेळा सापडेल. आपल्या चौकोनाचा खालचा डावा कोपरा टोकदार आहे: एका बिंदूतून एक रेषा आडवी उजवीकडे जाते आणि दुसरी चढती जाते. हीच आपली खूण. प्रत्येक उत्तराकृतीत वाचनासारखे वरच्या ओळीपासून खाली, डावीकडून उजवीकडे जात फक्त ही खूण शोधायची. खूण सापडली की तिथून एका ठरलेल्या क्रमाने कड गिरवायची: उजवीकडे २, चढती २, डावीकडे २, दुसऱ्या चढत्या कडेवरून खाली परत. गिरवताना शाई लागू नये म्हणून टोपण लावलेल्या पेनाचे टोक वापरावे. कुठेही रेषा नसली की तो बिंदू सोडून पुढच्या खुणेवर जायचे.

पहिली आकृती. इथे खूण एकाच ठिकाणी आहे, ड वर. उजवीकडे २ चौकटी गेलो की त येतो. त वरून चढती रेषा हवी, ती नाही. पर्याय बाद. मुलांना मोह पडतो तो ड-स-प-म या चौकोनाचा. तोही समांतरभुज, कोनही तेच, मापही तेच. पण त्याच्या ज्या दोन कडा आडव्या हव्यात त्या उभ्या आहेत.

दुसऱ्या आकृतीत चढती रेषा एकही नाही. तिथे कड गिरवायची गरजच नाही. अ-प-र-म हा चौकोन मात्र अगदी ठसठशीत दिसतो. तो प्रश्नाकृतीचे आरशातले रूप आहे, डावीकडे कललेले. नवोदयच्या पेपरात आरशातल्या प्रतिमांचा वेगळा भाग आधी येऊन गेलेला असतो, त्यामुळे डोळ्याला हे रूप ओळखीचे वाटते आणि हात पटकन तिकडे जातो.

तिसरी आकृती सगळ्यात फसवी. इथे खूण तीन ठिकाणी आहे: स, म आणि ड. स पासून उजवीकडे म, तिथून चढत ब, तिथून डावीकडे प, सगळे जुळते. प पासून उतरत स कडे यायला लागलो की रेषाच नाही. ती अर्ध्यावर कर्णाला टेकून संपली आहे. म पासून उजवीकडे र, तिथून चढायचे म्हटले तर चौरसाच्या बाहेर जावे लागते. ड पासून त, तिथून चढती नाही. तिन्ही खुणा संपल्या, पर्याय बाद. चौथी कड न गिरवणारे मूल इथेच अडकते, कारण तीन कडा जुळल्या की चौथी डोळा आपणच काढून घेतो.

चौथी आकृती. स पासून म, ब, प आणि परत स. चक्कर पूर्ण झाली. उत्तर चौथे.

गंमत म्हणजे उत्तर असलेल्या याच आकृतीत तो चौकोन सगळ्यात कमी उठून दिसतो. प-म ही उभी रेषा आणि अ-क हा कर्ण त्याच्या पोटातून जातात आणि त्याचे तीन त्रिकोण करतात. डोळ्याला त्रिकोण दिसतात, चौकोन दिसत नाही. शिवाय म बिंदूत आठ दिशांनी रेषा येऊन मिळतात. स कडून म पर्यंत आलेली नजर तिथे वळत नाही, ती सरळ र कडे निघून जाते. रेषा जिकडे चालली आहे तिकडेच तिच्यामागे जायचे, ही नजरेची जात्याच सवय आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट गॉटशाल्ट यांनी १९२६ मध्ये याच गोष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना साध्या आकृत्या ३ वेळा दाखवल्या, तर काहींना ५२० वेळा. नंतर त्या गुंतागुंतीच्या चित्रांत ओळखण्यात दोन्ही गटांत जवळजवळ फरक पडला नाही. म्हणून प्रश्नाकृतीकडे पुन्हापुन्हा टक लावून पाहण्यात वेळ घालवू नये. जिथे खूप रेषा मिळतात तिथे थांबून ‘आता वळायचे कुठे’ हे मनात म्हणावे आणि मगच पुढची कड गिरवावी.

हाच चौकोन नवव्या भागात आला तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. चौथ्या आकृतीतला स-प-ब-म कापून काढा आणि प-म रेषेवर कात्री चालवा. दोन काटकोन त्रिकोण मिळतील, दोघांच्याही काटकोनाच्या बाजू २-२ चौकटींच्या. तिरप्या बाजूला तिरपी बाजू लावली की २ बाय २ चा चौरस होतो. सरळ बाजूला सरळ बाजू लावून ४ चौकटी पायाचा मोठा त्रिकोण होतो. वेगळ्या रीतीने लावले की पुन्हा समांतरभुज चौकोन. तिन्हींचे क्षेत्रफळ ४ चौकटीच. तुकड्यांच्या प्रश्नात हे तिन्ही आकार बरोबर उत्तर ठरू शकतात, पर्यायांत त्यांपैकी जो असेल तो. लपलेल्या आकृतीच्या प्रश्नात यातला चौरस आणि त्रिकोण सोडाच, फिरवलेला समांतरभुजही चालत नाही.

वेळेचे गणित साधे आहे. ४० प्रश्नांना ६० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, गुण सव्वा. दिशा तपासूनच एखाददुसरा पर्याय उडाला, तर उरलेल्यांची कड गिरवायला दीड मिनिट पुरते. दोन पर्याय बरोबर वाटले तर नवे काही शोधू नये. दोघांतही कडांची लांबी चौकटींच्या हिशेबाने मोजावी. पुष्कळदा एकात आकृती असते, पण लहान किंवा मोठी.

काही पेपरांत प्रश्न उलटा येतो: गुंतागुंतीची आकृती एक आणि लहान आकार चार. तिथे खूण प्रत्येक पर्यायाची वेगळी निवडावी लागते, म्हणून आधी मोठ्या आकृतीत कोणत्या दिशेच्या रेषा मुळातच नाहीत ते पाहावे. चढती रेषाच नसेल, तर चढती कड असलेले सगळे पर्याय एका नजरेत जातात.

सराव घेताना चुकलेले उत्तर नुसते खोडू नये, कोणता पर्याय निवडला ते लिहून ठेवावे. वरच्या उदाहरणात पहिला निवडणारे मूल आकृती मनात पालथी करून फिरवते. त्याला नववा आणि दहावा भाग वेगवेगळ्या दिवशी द्यावा. दुसरा निवडणाऱ्याकडून प्रत्येक तिरप्या कडेसाठी ‘चढती’ की ‘उतरती’ हे मोठ्याने म्हणवून घ्यावे. तिसरा निवडणाऱ्याची शोधायची पद्धत बरोबर आहे, फक्त शेवटची कड राहते; त्याला निघाल्या बिंदूवर टोक परत टेकल्याशिवाय उत्तराचा गोल काळा करू देऊ नये.