क्रियापद शेवटी, मग अर्थही शेवटीच?

‘मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ते कानावर पडेपर्यंत मेंदू अर्थ लावतच नाही, खरं ना?’

नाही. रावेरच्या केळीबागेतलं हे वाक्य एकेक शब्द थांबत वाचा: ‘मालकाने मजुराला घड कापणाऱ्या पोराकडे पाठवलं.’

‘मालकाने मजुराला घड’ इथवर आलात की ‘दिला’ हा शब्द जणू जिभेवर येतो. ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांनी देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू असं चित्र आधीच उभं केलेलं असतं. मग ‘कापणाऱ्या’ येतं आणि ते मोडतं. घड मजुराला मिळालेलाच नाही, तो पोरगा कापतोय! मेंदू खरंच क्रियापदासाठी थांबला असता, तर इथे अडखळायचं कारणच नव्हतं.

जपानीतही क्रियापद शेवटी असतं. 2003 साली कामिदे, ऑल्टमन आणि हेवुड या संशोधकांनी चित्र बघत जपानी वाक्यं ऐकणाऱ्यांच्या नजरा टिपल्या. ‘वेट्रेसने गिऱ्हाइकाला’ एवढं ऐकताच, क्रियापदाच्या आधीच, नजर चित्रातल्या हॅम्बर्गरकडे वळू लागली.

बोलताना मात्र ही फसगत बरीच टळते. ‘मजुराला’ म्हणून किंचित थांबलं आणि ‘घड कापणाऱ्या’ एका दमात म्हटलं, की घड कुणाशी जोडायचा ते सुरातूनच कळतं.